जोहोरचे आठ आकडे

ही गोष्ट २०२३ सालच्या ऑगस्टमधली, एका रविवारची. सरोजिनीबाईंना तेव्हा एकोणसत्तरावं लागलं होतं. गोल्फचं मैदान त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तसा गोल्फ घरात तीस वर्षं होता. मनोहर नोकरीसाठी सिंगापूरला आले ते इथलेच झाले. सरोजिनीबाई मात्र पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी आणि प्रबोधची शाळा सांभाळत राहिल्या. मनोहरांचा फोन दर रविवारी यायचा. सगळी चौकशी झाली की शेवटी ते एक आकडा सांगायचे. "आज एकशे दोन." सरोजिनीबाई मनापासून म्हणायच्या, "वा! शंभरी ओलांडली की!" तिकडून फक्त हसू यायचं. कमी आकडा चांगला, हे मनोहरांनी त्यांना कधी सांगितलंच नाही. त्यांना ते कौतुक आवडत असावं.

२०१९ मध्ये मनोहर गेले. तेव्हा प्रबोध सिंगापुरातच आयटीत मॅनेजर होता. त्याने आईला आपल्या आणि बायकोच्या सेंगकांग भागातल्या फ्लॅटवर आणलं आणि वडिलांची गोल्फची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. आकडा सांगायची रीतसुद्धा त्याने पुढे चालवली. रविवारी पहाटे मित्रांबरोबर समुद्रावरचा कॉजवे ओलांडून मलेशियातल्या जोहोरला जायचा. तिथे खेळणं स्वस्त पडतं. दुपारी परत आला की बूट काढता काढता म्हणायचा, "आई, आज एक्क्याऐंशी."

"एवढेच? असू दे रे, पुढच्या वेळी वाढतील," असं म्हणून त्या त्याला ताक द्यायच्या. तो खो खो हसायचा.

एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या बाईच्या डोक्यात शिरलेला आकडा सहसा बाहेर पडत नाही.

मनोहरांच्या मित्रांनी त्यांच्या नावाने एक चषक ठेवला होता. सिंगापुरातली तीसेक मराठी मंडळी एका सार्वजनिक मैदानावर वर्षातून एकदा त्यासाठी खेळायची. त्या वर्षी चषक सरोजिनीबाईंच्या हस्ते द्यायचं ठरलं. ज्ञानेश्वर हे मनोहरांचे जुने जोडीदार. गुडघ्यामुळे त्यांनी खेळणं सोडलं होतं, पण स्पर्धेचा सगळा हिशोब तेच ठेवायचे. मैदानावर फिरायच्या छोट्या मोटारगाडीत, बग्गीत, त्यांनी सरोजिनीबाईंना शेजारी बसवलं.

"वहिनी, आज तुम्हाला हा खेळ समजावूनच सोडणार. मनोहरने तीस वर्षांत जे केलं नाही ते."

"समजावा बाई. आकडे कळतात मला, बाकीचं तुम्ही सांगा."

प्रबोधच्या गटात कस्तुरी होती. विद्यापीठात संशोधन करणारी ही मुलगी तीन वर्षांपूर्वी, कुणीतरी टाकून दिलेल्या स्टिक घेऊन, खेळायला लागली होती. पहिल्या होलवर दोघांनी चेंडू मारले. बग्गी मागोमाग निघाली.

"एकूण अठरा होल," ज्ञानेश्वर सांगू लागले. "प्रत्येक होलला एक अपेक्षित आकडा ठरलेला असतो. तरबेज खेळाडूने तेवढ्या फटक्यांत चेंडू भोकात घालावा. त्याला पार म्हणायचं. जवळच्या होलचा पार तीन, मधल्याचा चार, लांबच्याचा पाच. या मैदानाचे अठरा मिळून बहात्तर."

"आणि बहात्तरापेक्षा जास्त झाले तर?"

"तर वाईट! कमी फटके तितका खेळ चांगला."

सरोजिनीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे एकशे दोन..."

"मनोहरचे? अहो, ते तर रडगाणं असायचं!"

त्या इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. तीस वर्षं त्या माणसाने आपलं अभिनंदन निमूटपणे ऐकून घेतलं होतं!

पहिल्या होलचा पार चार. प्रबोधला पाच फटके लागले. "एक जास्त, म्हणजे बोगी," ज्ञानेश्वर म्हणाले. कस्तुरीला सहा लागले. "दोन जास्त. डबल बोगी." तिसरा होल तीनचा होता. तिथे प्रबोधचा पहिलाच चेंडू भोकाभोवतीच्या हिरवळीवर पडला आणि दुसऱ्या फटक्यात आत गेला. "ही बर्डी! पारपेक्षा एक कमी. दोन कमी असते तर ईगल."

"काकू, टाळ्या वाजवा की, मुलगा आहे तुमचा," कस्तुरी ओरडली.

"मारताना वाजवायच्या नसतात ना?"

"मारून झाल्यावर वाजवा!"

सरोजिनीबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. सातव्या होलपर्यंत त्या स्वतःच बोगी आणि पार ओळखायला लागल्या होत्या. मग त्यांना एक शंका आली.

"पण भाऊजी, ही पोर तर प्रत्येक होलला एक-दोन जास्त घेते आहे. ती प्रबोधशी स्पर्धा करणार तरी कशी?"

"आता खरं विचारलंत. त्यासाठी हँडिकॅप. जो जितका कच्चा, त्याला तितक्या फटक्यांची सूट. कस्तुरीला सत्तावीस, प्रबोधला बावीस. शेवटी एकूण फटक्यांतून सूट वजा करायची. उरेल त्याला नेट म्हणायचं. चषक नेटवर मिळतो. म्हणून शिकाऊ पोरगी मुरलेल्या गड्याला हरवू शकते."

"आणि ही सूट कोण ठरवतं?"

"ज्याचा तोच, म्हणा ना. खेळलेल्या फेऱ्यांची कार्डं द्यायची. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सगळ्यात चांगल्या आठ घ्यायच्या, मैदान किती अवघड ते बघायचं आणि त्यांची सरासरी काढायची. प्रबोधचं म्हणाल तर इथे तो चौऱ्याण्णवच्या आसपास खेळतो. बहात्तर वजा केले की झाले बावीस."

सरोजिनीबाईंचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, ज्ञानेश्वरांच्या हिशोबात काहीतरी राहून गेलं आहे.

"चौऱ्याण्णव कुठले? त्याचे सगळ्यात चांगले आठ मी सांगते की. मार्चपासूनचे. एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी, त्र्याऐंशी..."

ज्ञानेश्वरांनी बग्गी थांबवली. "कुठले हे?"

"जोहोरचे. पंच्याऐंशी, ऐंशी..." त्या बोलता बोलता थांबल्या. ब्याऐंशी आणि पुन्हा चौऱ्याऐंशी ओठांवर येऊन राहिले. सरासरी मनात आपोआप झाली होती. ब्याऐंशीच्या जरा वर. बहात्तर वजा केले की दहा. बावीस नव्हे, दहा.

"बाहेर खेळलेली कार्डंही द्यायची असतात का, भाऊजी?"

"हो. नियमाने खेळला, सोबत कोणी असलं, तर कुठलंही मैदान असो, कार्ड द्यायचं. पण तिथे पहारा नसतो. ज्याने त्याने आपणहून द्यायचं." ते समोर बघत होते. "माझ्याकडे जोहोरचं एकही आलेलं नाही."

उरलेले होल सरोजिनीबाई नुसते प्रबोधचे फटके मोजत राहिल्या. ऊन चढत होतं. पुढे चाललेल्या मुलाची पाठ अगदी मनोहरांसारखी दिसत होती, आणि आज त्याचाच त्यांना राग येत होता.

अठराव्या होलवर प्रबोधचा चेंडू भोकापासून वीतभर लांब होता. त्याने गुणफलकाकडे पाहिलं, गालात जीभ घोळवली आणि चेंडू बाजूने घालवला. "अरेरे!" लोक म्हणाले. सरोजिनीबाईंना ती जीभ ओळखीची होती. लहानपणी दूध पिऊन टाकलं असं सांगताना तो अशीच घोळवायचा, आणि पेला कुंडीत रिकामा झालेला असायचा. जिंकणं तर नक्की होतं. फार जिंकलो असं दिसू नये, एवढीच काळजी होती.

प्रबोधचे एकूण शहाऐंशी, बावीस वजा, नेट चौसष्ट. कस्तुरीचे सत्त्याण्णव, सत्तावीस वजा, नेट सत्तर. बाकी सगळे सत्तरच्या वर.

जेवणाआधी सरोजिनीबाईंनी मुलाला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"जोहोरची कार्डं का दिली नाहीस?"

तो गडबडला, मग हसला. "ज्ञानेश्वरकाकांनी शिकवणी घेतली वाटतं. आई, थोडंफार सगळेच करतात. बाबांना तीस वर्षांत एकदाही कप मिळाला नाही. त्यांच्या नावाचा कप आपल्या घरात नको?"

"मला का सांगत होतास मग ते आकडे?"

"तुला कुठे काय कळत होतं त्यातलं!"

तो हे सहज बोलला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. बापाने गंमत म्हणून जे अज्ञान जपलं, ते मुलाने कुलपासारखं वापरलं होतं. खरं सांगायला जगात त्याला एकच जागा सुरक्षित वाटली होती, आई; कारण त्याच्या लेखी ती मूर्ख होती.

थोड्या वेळाने प्रबोधचं नाव पुकारलं गेलं. सरोजिनीबाईंनी चषक हातात घेतला. तो पुढे आला, दोन्ही हात पसरले. त्यांनी चषक छातीशीच धरला.

"प्रबोध, एकच विचारते. तुझ्या बाविसात जोहोरची कार्डं आहेत? हो म्हण आणि घे."

लोक हसले. त्यांना वाटलं, आई थट्टा करते आहे. प्रबोधने आईकडे पाहिलं. नाही म्हणायची एवढी मोकळी वाट त्याला पुन्हा मिळणार नव्हती.

"हो आई, आहेत," तो म्हणाला. गालात जीभ फिरली.

सरोजिनीबाईंनी चषक टेबलावर ठेवला. "भाऊजी, यादीत बघा. एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, पंच्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी." एक्स्चेंजमध्ये नंबर सांगायच्या तशाच त्यांनी आठही आकडे सांगितले, स्पष्ट आणि सुटे.

ज्ञानेश्वरांनी फोनवर यादी उघडली. ती फार वेळ बघावी लागली नाही. "यातला एकही नाही," ते हळू म्हणाले. "दहा धरले तर नेट शहात्तर होतं."

प्रबोध म्हणाला, "आई, तू माझ्याशी असं करायला नको होतंस." मग वडिलांची बॅग उचलून निघून गेला. सरोजिनीबाईंना घरी ज्ञानेश्वरांनी सोडलं. चषक कस्तुरीला मिळाला. तो घेताना ती रडवेली झाली होती, जणू चूक तिचीच होती.

पुढे काय झालं ते थोडक्यात. कस्तुरी वर्षभराने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेली. तिचा हँडिकॅप आता एकोणीस आहे आणि प्रत्येक कार्ड ती स्वतः भरते, असं तिने सरोजिनीबाईंना कळवलं. ज्ञानेश्वरांनी गुडघा बदलून घेतला, पण हिशोबाचं काम सोडलं. मित्राच्या मुलाला पकडण्यासाठी आपण ते धरून बसलो नव्हतो, असं ते म्हणाले. प्रबोधचा हँडिकॅप दहावर आणला गेला. त्याने ती मंडळी सोडली, खेळ सोडला नाही. सरोजिनीबाई सेंगकांगलाच राहिल्या. सुनेने दोघांत बोलणं घडवून आणायला तीन महिने घेतले.

रविवारी तो अजून जोहोरला जातो. येतो, बूट काढतो, ताक पितो. आकडा सांगत नाही आणि त्या विचारत नाहीत. फक्त एकदा, गेल्या दिवाळीच्या सुमारास, तो दारातच म्हणाला, "आई, आज नव्वद."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ताक आणायला आत गेल्या. बाकीच्या आठांसारखा तोही आकडा त्यांच्या डोक्यात राहिला आहे. पण तो खरा होता की नाही, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.