शंका आली तर ताईला विचारा

कुणी 'हाय' म्हटलं तर उलट 'हाय' म्हणायला नियम कशाला हवेत, असं तुम्हाला वाटेल. चष्मे विकणाऱ्या त्या कंपनीत चॅटवर बसणाऱ्या चौघांनाही तसंच वाटायचं. पण एक जण गिऱ्हाइकाला फुलांच्या इमोजींचे गुच्छ पाठवायचा, दुसरी प्रत्येक वाक्यामागे तीन-तीन उद्गारचिन्हं ठोकायची, आणि पोपट नावाने ओळखला जाणारा तिसरा साध्या नमस्काराला निबंध लिहायचा. बेताचं लिहायची ती फक्त ताई.

म्हणून त्यांच्या वरिष्ठ मॅडम तिला म्हणाल्या, "सगळ्यांना तुमच्यासारखं लिहिता येईल असे नियम करून द्या. मग तुम्हाला स्टॉक विभागात, सकाळच्या पाळीला पाठवते."

ताईला एवढंच हवं होतं. संध्याकाळची पाळी संपवून ती घरी पोचायची तेव्हा लेक झोपलेली असायची. दोघींचं धड बोलणं रविवारीच व्हायचं.

तिने जीव ओतून लिहिलं. उत्तर दोन ओळींचं. उद्गारचिन्ह एकच, तेही फक्त नमस्कारानंतर. इमोजी गिऱ्हाइकाने आधी वापरला तरच, आणि एकच. विनोदही त्याने सुरुवात केली तर. मात्र कुणाच्या नजरेवर, नंबरवर कधीच नाही. तक्रार असेल तर यातलं काहीच नको. आणि शेवटी, भिडेखातर, 'शंका आली तर ताईला विचारा.' आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा तो असा.

कारण गिऱ्हाईक नियम वाचून थोडंच येतं? एका बाईंनी लिहिलं, 'हाय, चष्म्यावर बसले. आता तोही वाकलाय आणि मीही 😂'

"ताई, ही तक्रार धरू की विनोद?" पोपटाने विचारलं. मग उद्गारचिन्हंवालीने विचारलं, मग फुलंवाल्याने. ताईला पाणी प्यायला उठायची सोय उरली नाही.

मॅडम म्हणाल्या, "बघा, तुमच्याशिवाय पान हलत नाही. आत्ताच कसं सोडू?"

ताई मनातून चडफडली. तिने ती शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं, 'दोन नियम भांडले तर तक्रारीचा नियम खरा. शंका आली तर विनोद नको, इमोजी नको.' एवढ्याने भागलं. आठवडाभर कुणी तिच्याकडे फिरकलं नाही.

ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. "आता मला कुणी काही विचारत नाही. बदलीचं बघता का?"

"तेच तर म्हणते मी," मॅडम खूश होत्या. "दुसऱ्या कुणाला जमलं असतं का हे? पुढच्या महिन्यात संध्याकाळच्या पाळीला सहा नवी माणसं येतायत. त्यांना तुम्हीच तयार करायचं."

वाईट लिहिलं असतं तरी ती इथेच राहिली असती, चांगलं लिहिलं तरी इथेच. भांडायचं तरी कशावरून? मॅडम तर कौतुक करत होत्या.

जागेवर येऊन तिने घरी फोन लावला. लेकीनेच उचलला.

"आई, झालं का? उद्यापासून लवकर येणार?"

"जेवलीस ना?" ताई म्हणाली. "झोप आता."