पुढे जाण्यासाठी मागे

वास्तुविशारद बाईंकडे तीन महिने उमेदवारी निभावली, तर धाकटीला अनुभवाचं पत्र मिळणार होतं आणि नशीब जोरावर असलं तर नोकरीही. पण येता-जाता रोज तीन तास बसमध्ये, तेही उभ्याने. दुसऱ्याच आठवड्यात तिने पेंगत पेंगत नकाशात जिन्याच्या तोंडाशी भिंत काढली. बाई म्हणाल्या, "पुन्हा अशी चूक झाली, तर घरीच झोप काढ."

घरी थोरल्या भावाने टोमणा मारला, "झेपत नसेल तर सोड की!"

"दादा, खोट माझ्यात नाही, आपल्या थांब्यात आहे. इथे बस भरूनच येते. उद्यापासून मी उलटी जाऊन डेपोतच चढणार."

"पुढे जायला मागे? धन्य आहेस! डेपोपर्यंत जाणार कशी?"

"तुझ्या स्कूटरवर."

दादाने कपाळावर हात मारला, पण सकाळी स्कूटर काढली.

डेपोत खिडकीची जागा मिळाली. उतरायचा थांबा कंडक्टरला सांगून आणि मोबाइलचा गजर लावून धाकटी तासभर गाढ झोपली. संध्याकाळी पहिल्या बसला सगळे लोंबकळत, ती मात्र पाठोपाठ येणाऱ्या रिकाम्या बसची वाट पाही. नकाशातले जिने पुन्हा मोकळे झाले.

तीन महिन्यांनी पत्र मिळालं, वर नोकरीही. धाकटीला रोज तासाभराची झोप लाभली, बाईंना हुशार माणूस मिळालं. दादाची पहाटेची अर्ध्या तासाची साखरझोप तेवढी गेली, आणि नोकरी पक्की झाल्यामुळे ती आता कायमचीच गेली.