रुपयाला सतरा

दत्तू वरळीकर जन्मभर बोटीवर खलाशी होता आणि मेला मात्र लंडनच्या इस्पितळात, कोरड्या गादीवर, न्युमोनियाने. बोटीची कंपनी त्याला पुरायला तयार होती, जाळायला नव्हती. पुरणं हिशेबात बसत होतं, जाळणं बसत नव्हतं. शेवटी खलाशांच्या मिशनमधल्या एका पाद्रीबाबाने आपल्या जबाबदारीवर जाळून घेतलं आणि मुंबईला पत्र धाडलं. जाळण्याचं बिल, लाकडी पेटी आणि बोटीचं भाडं मिळून पंधरा पौंड होतात. तेवढे पोचले की राख पाठवतो. डिसेंबरअखेरपर्यंत वाट बघू, नाहीतर तिथल्याच बागेत रीतसर पसरू.

समुद्रावर पगार घेऊन फिरलेल्या माणसाला समुद्रातून घरी यायला आता भाडं पडणार होतं.

दत्तूच्या बायकोने, गुणवंतीने, पत्र ऐकलं ते दादरच्या मासळीबाजारात, पाटीपाशी बसून. वाचणारा तिचा धाकटा दीर जगन. तो गोदीत माल मोजायच्या कामावर होता, त्यामुळे त्याला इंग्रजी येतं असं घरात धरून चालत. बाग हा शब्द ऐकल्यावर तिने कोयता खाली ठेवला. दत्तूला झाडाझुडपांचं काही नव्हतं. वरळीच्या खडकाबाहेर, जिथे त्याचा बाप सोडला होता, तिथेच त्याला सोडायचं, एवढं तिने तिथल्या तिथे ठरवलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला हलवा कापून दिला.

तिने गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडली. आधी दोघं फोर्टातल्या बँकेत गेली. तिथल्या चष्मेवाल्या कारकुनाने पाद्र्याचं पत्र बघितलं, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा फॉर्म काढला आणि सांगितलं की भाव अठराला किंचित कमी, शिवाय हशील, तिकीट, टपाल मिळून सात रुपये. एकूण दोनशेसात रुपये सत्तर नये पैसे. गोदीत जगनला सगळ्यांनी पंधरा पौंडांचे दोनशेच सांगितले होते. वरचे पावणेआठ कसले, हे गुणवंतीला पटेना. मेलेल्या माणसावर दलाली घेतात म्हणजे काय.

मग जगनला गिरगावात सीताराम नाबर सापडला. परदेशी जाणाऱ्यांची तिकिटं, फॉर्म, बँकेतली कामं करून देणारा हा माणूस. दुकानात संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा, कोटाला समितीचा बिल्ला, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘हशील माफ’. जगन त्याच आठवड्यात शिवाजी पार्कच्या सभेत घसा बसवून आला होता. बिल्ला बघूनच त्याचं अर्धं काम झालं.

नाबरने तिला ताई म्हटलं, दत्तूसाठी क्षणभर डोळे मिटले, आणि भाव सतरा सांगितला.

बँकेचा अठराला जवळ, ह्याचा सतरा, वर हशील नाही. गुणवंतीने बाजारात वीस वर्षं भाव पाडले होते. पण समोरच्याने आपण होऊन एवढा पाडलेला ती प्रथमच बघत होती. उगाच मन बदलेल म्हणून तिने घाईने दोनशे रुपये मोजून दिले. नाबरनेही घाईने घेतले.

डिसेंबर लागताना पाद्रीबाबाचं उत्तर आलं. चौदा पौंड तीन शिलिंग चार पेन्स मिळाले. सोळा शिलिंग आठ पेन्स कमी आहेत. क्रियाकर्मवाली पेढी पुरे पैसे मिळाल्याशिवाय पेटी हलवत नाही.

जगनने वाचून पत्राची घडी घातली. गुणवंतीने विचारलं,

“चौदा पौंडांत किती येल रं त्याचा?”

“वयनी, असं नसतं गो.”

“ना, पर ठेवतील तर कंचा भाग ठेवतील?”

जगनला हसू आलं आणि त्याच हसण्यात तो रडायला लागला. भावासाठी तो तोपर्यंत रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन पुन्हा बँकेत गेली. चष्मेवाल्याने कागदावर आकडे मांडले. सरकारी मधला भाव रुपयाला अठरा पेन्स. त्या भावाने जगात कुणी कुणाला पैसे देत नाही, पण मोजायचं त्याच्यापासून. बँक त्यातून पेन्सचा सोळावा भाग खाते आणि हशील उघड घेते. पौंडाचे पेन्स दोनशेचाळीस, पंधरा पौंडांचे छत्तीसशे. नाबरने दोनशे रुपयांचे सतराने चौतीसशेच पाठवले.

गुणवंती कागदाकडे बघत राहिली. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण ‘रुपयाला’ हा शब्द तिने नीट ऐकला होता.

“म्हंजे पौंडाचा भाव नाय हा,” ती म्हणाली. “रुपयाला किती बोंबील, तसा हाय. रुपयाला अठरा बोंबील देतो तो बरा, का सतरा देतो तो?”

कारकून म्हणाला, “अठरा देतो तो, बाई.”

“आनी मी सतरावाल्याकडं धावत गेले.”

जगन बाहेर येऊन म्हणाला की समितीची दहा पोरं नेतो आणि नाबरच्या पाटीचं एक अक्षर ठेवत नाही. तिने त्याला थांबवलं. कारकुनाला तिने निघताना आणखी एक विचारलं होतं: उरलेले पाठवायला बँकेत किती? अकरा रुपये पंधरा नये पैसे आणि हशिलाचे सात. पैसे दोनशे असोत की अकरा, सात ते सातच. अठरा रुपये पंधरा. तिच्याकडे माळेचे नि धंद्याचे मिळून चौदा उरले होते.

नाबरकडे रुपयामागे एक पेन्स तोटा, पण रुपये अकराच आणि हशील नाही. आता तो स्वस्त होता. ज्याने बुडवलं त्याच्याकडेच जाणं फायद्याचं होतं, आणि हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. जायला मात्र दोन दिवस लागले.

ती जगनला घेऊन आत शिरताच नाबरने पुन्हा डोळे मिटायला सुरुवात केली.

“डोळं उघडा,” गुणवंती म्हणाली. “हशिलाचं बोलू नका, भावाचं बोलू नका. तिथं सोळा शिलिंग आठ पेन्स पोचायला हवेत. हितं किती देऊ?”

त्याने पेन्सिल चालवली. “अकरा रुपये शहात्तर.”

“तेवढं लिहून द्या. पोचले नाय तर हा पोरगा येल.”

“ताई, मी तेव्हाही खोटं बोललो नव्हतो. हशील माफच होतं.”

“व्हय,” ती म्हणाली, “खोटं नाय बोललात.” तिने पैसे टेबलावर ठेवले, त्याच्या हातात दिले नाहीत.

फेब्रुवारीत पेटी बॅलार्ड पिअरला उतरली. कस्टमच्या माणसाने फॉर्मवर मालाची किंमत विचारली. जगन काहीतरी समजावू लागला, पण नियम होता, रकाना रिकामा चालत नव्हता.

“दोनशेअकरा रुपये शहात्तर नये पैसे,” गुणवंतीने सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

पहाटे भरतीला दोघं होडीने खडकाबाहेर गेली. तिने पेटी उघडून पाण्यावर उलटी केली. मग आत बघितलं. कोपऱ्यात थोडं चिकटून राहिलं होतं. तिने पेटी होडीच्या काठावर आपटली, परत बघितलं, पदराने कोपरे पुसले आणि पदरही पाण्यात झटकला.

“झालं गो वयनी,” जगन म्हणाला.

“थांब,” ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा आपटली.