बिबची मागची बाजू

पद्मिनी रेल्वेच्या भांडारात वीस वर्षं मालाची पडताळणी करते. यादी आणि माल जुळल्याशिवाय ती मान हलवत नाही. त्यामुळे तिच्या नवऱ्यानं, शेखरनं, शनिवारी दुपारी पहिल्या मॅरेथॉनचं सामान पलंगावर मांडलं, तेव्हा ती यादी आणि पेन घेऊनच आली.

"व्हॅसलीन काहून?"

"जांघा घासतात. बेचाळीस किलोमीटर आहे."

"आणि ही चिकटपट्टी?"

"छातीवर. टी-शर्ट घासून रक्त निघते."

पद्मिनीनं खूण केली, पण मनातून नाही. धुतलेला जुना टी-शर्ट, जुनेच बूट ("नवीन घातले की फोड येतात"), ताकदीसाठी चार एनर्जी जेल, मिठाच्या गोळ्या, चार सेफ्टी पिना. वेगळ्या पिशवीत कोरडे कपडे, टॉवेल, चपला, चिक्की.

"घर सोडून जाणाऱ्याची बॅग अशीच असते," ती म्हणाली.

"ती पळणं संपल्यावरची पिशवी आहे. फोनही तिच्यातच ठेवणार."

"फोनही? वा."

मग तिनं बिब उचललं. छातीवर लावायचा तो नंबराचा कागद, ४१२.

"घडी नको करू, मागं चिप आहे. तिच्यावरच वेळ मोजतात."

पद्मिनीनं ते उलटं केलं. रक्तगट बरोबर होता. खाली, संकटात कोणाला कळवायचं या रकान्यात, शेखरच्याच अक्षरात: सुनीती. पुढे नंबर.

तिनं सेफ्टी पिना पुन्हा मोजल्या. चारच होत्या.

"ही सुनीती कोण?"

"पळायच्या ग्रुपमधली. आपल्याच पाऱ्यात, मोहल्ल्यातच राहते, पाण्याच्या टाकीजवळ."

"बायको मेली काय तुमची?"

"बायको अनोळखी नंबर उचलत नाही," शेखर म्हणाला. "मागं अभनपुरात गाडी बंद पडली, तेव्हा मेकॅनिकच्या फोनवरून नऊदा लावला. तू त्याले ब्लॉक केलं. सुनीती उचलेल आणि घरी येऊन तुले सांगेल."

हिशेब चुकीचा नव्हता, हेच पद्मिनीला खुपलं. तिनं सुनीतीवर रेघ मारली आणि स्वतःचं नाव, नंबर लिहिला.

"उचलशील?"

"पाहू."

रविवारी पहाटे पाचला नवा रायपूरला शर्यत सुटली. साडेदहाला घरी तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर, खाली लाल अक्षरात 'संशयास्पद'. तो वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पद्मिनीनं कढईखालचा गॅस बंद केला आणि फोन उचलला.

"कोण?"

"मी, शेखर."

"बिब नंबर?"

"चारशे बारा," तो धापा टाकत होता. "पूर्ण केली, पद्मिनी. पिशवीच्या रांगेत आहे, फोन एका भैयाचा आहे."

"माझा नंबर पाठ आहे तुम्हाले?"



"नाही. बिब उलटं करून पाहिला."

पद्मिनी फ्रिजवर लावलेल्या यादीजवळ गेली.

"टॉवेल विसरू नका," ती म्हणाली. "आणि चपला घाला आधी."