चौथा रकाना

चारच्या आत दुरुस्ती झाली तरच कापलेला पगार या महिन्यात मिळणार होता, आणि नर्सबाईंना मुलीची फी उद्या भरायची होती. पगार विभागातल्या लेखनिकाने त्यांचं तक्रारीचं पानभर पत्र परत सरकवलं.

"ताई, आख्यान रंगलंय, पण आकडे सापडेनात."

बाईंनी उभ्याउभ्याच पत्राच्या पाठीवर रकाने आखले: बाब, मागचा महिना, हा महिना, फरक. मूळ पगार सारखाच होता. रात्रपाळी भत्ता चोवीसशेचा शून्य झाला होता. उरलेल्या पाचशेंपाशी पेन अडखळलं. तो उचलीचा हप्ता होता, आणि उचल त्यांनीच घेतली होती. पत्रात मात्र "एकोणतीसशे खाल्ले" असं लिहिलं होतं.

बाईंनी कागद पुढे केला. लेखनिकाचं बोट शून्यावर थांबलं. "हजेरीत रात्रपाळ्या चढल्याच नाहीत. आजच लावतो. आणि पाचशे?"

"ते माझेच. पत्र द्या इकडे, भाऊ, ते 'खाल्ले' खोडते."