तहकूब सभा आणि खाडीचं पाणी

भाईंदर पश्चिमेला, जिथे रिक्षावाले ‘आगे कुछ नहीं है’ म्हणून परत फिरतात, तिथून पुढे एक वाडी आहे. वाडीला एक जेटी आहे आणि जेटीवर पत्र्याची एक शेड. बाया त्या शेडमध्ये बसून कालवं फोडतात. सकाळी ओहोटी लागली की चिखल तुडवत खडकांवर जायचं, कालवं काढायची, पाणी चढायला लागलं की परत यायचं आणि सावलीत बसून ती फोडून विकायची. शेड गेली तर उन्हात बसावं लागेल, आणि उन्हात कालवं तासाभरात असा वास मारतात की गिऱ्हाईक लांबूनच नमस्कार करतं.

ही शेड मच्छीमार संस्थेची. संस्थेचे चेअरमन हरिश्चंद्र. चेअरमन झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मीरा रोडला बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेण्याचं. आता ते वाडीत यायचे ते बूट घालून. एका कॅफेवाल्याला शेड भाड्याने द्यायचं त्यांच्या मनात होतं. संध्याकाळी दिव्यांच्या माळा, लाकडी बाकं, आणि भिंतीवर एक जुनं जाळं, शोभेला.

शेड द्यायची तर सभेचा ठराव हवा, आणि संस्थेत बायांची मतं पुरुषांपेक्षा जास्त. म्हणून हरिश्चंद्रांनी डोकं चालवलं. कॅलेंडरात बघून सभेला असा रविवार निवडला, ज्या दिवशी सकाळी आठला ओहोटी होती. पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेले. या दिवसांत पाणी खूप लांब जातं आणि सगळे खडक उघडे पडतात. अशा वेळी कालवं सोडून सभेला बसणारी बाई वाडीत अजून जन्मायची होती.

‘सभा रविवारी सकाळी आठ वाजता,’ अशी नोटीस शेडच्या खांबावर लागली.

“आठला?” गोदूबाई म्हणाली. साठीची गोदूबाई बायांची पुढारी होती, म्हणजे सगळ्यात मोठ्याने बोलायची. “आठला पानी भायेर. आम्ही चिखलात असनार, आनि हा इथं खुर्च्यांशी बोलनार?”

“बोलू दे की,” सुलू म्हणाली. “खुर्च्या तरी उलट न्हाय बोलत.”

बाया खडकांवर गेल्या. सभेला सहा माणसं आली. हरिश्चंद्रांनी आपल्या बाजूच्या पुरुषांनाही मुद्दाम झोपू दिलं होतं. अर्धा तास वाट पाहून त्यांनी खिन्न चेहरा केला, तोही पूर्ण जमला नाही, आणि सेक्रेटरीला सांगितलं, “स्वप्नील, लिही. कोरमअभावी सभा तहकूब.”

बायांना आनंद झाला. सभा नाही, ठराव नाही, शेड जागेवर. त्यांचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी गोदूबाईची सून संचिता कामावरून आली आणि खांबावरचा नवा कागद वाचून आली. संचिता एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची, त्यामुळे कागद दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड तिला लागली होती.

“आई, तुम्ही हसताय काय? तहकूब सभा पुढच्या रविवारी आहे. तोच वार, तीच वेळ, तीच जागा. संस्थेचा नियमच आहे. आणि त्या सभेला कोरम लागत नाही. पाच जण आले तरी ठराव पास.”

सुलूच्या हातातला चहा बशीत सांडला. “म्हंजे ह्यानं मुद्दामच केलं. परत आठला ठेवलं मेल्यानं! परत आपन चिखलात!”

“एक दिवस कालवं नाही काढली तर?” संचिताने विचारलं.

“कमवायचे दिवसच मोजके,” सुलू म्हणाली. “त्यातला एक तू सभेला घाल म्हनतेस?”

गोदूबाई गप्प होती. हे इतकं दुर्मिळ होतं की दोघी तिच्याकडे बघायला लागल्या. ती अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होती. मग ती हसायला लागली, आणि ठसका लागेपर्यंत हसली.

“अगं, पुढच्या रविवारी आठला पानी कुठं असनार?”

“इथंच असेल ना? म्हणजे बाहेर. आज आठला ओहोटी होती, तर...” संचिता म्हणाली.

“आज होती. उद्या?”

“उद्याही आठला?”

“पानी काय सरकारी नोकरीत हाय?” गोदूबाई म्हणाली. “रोज आदल्या दिवसापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा येतं. कधी चाळीस, कधी तास, पन पन्नास धर. पृथ्वी एक गिरकी मारते तोवर चंद्र थोडा पुढं सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला तेवढं जास्त फिरावं लागतं. आता सात दिवसांचं तू सांग.”

संचिताने मनातल्या मनात गुणाकार केला. “तीनशे पन्नास मिनिटं. म्हणजे... जवळजवळ सहा तास.”

“म्हंजे आठची ओहोटी कुठं गेली?”

“दुपारी दोनला.”

“आनि भरती-ओहोटीत अंतर किती?”

“सहा तास,” संचिता म्हणाली आणि तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे रविवारी आठला भरती! तुम्ही सगळ्या घरी!”

“पंधरा दिवसांनी ठेवली असती तर फसलो असतो,” गोदूबाई म्हणाली. “पंधरा दिवसांनी पानी परत त्याच घड्याळावर येतं. सात दिवसांनी बरोबर उलटं. ह्याचा आजा झोपेत सांगायचा हे. पन बाराव्या मजल्यावर रविवार म्हंजे निस्ता रविवार.”

“चेअरमनना कळलं तर?”

“तोंडं मिटा, म्हंजे न्हाय कळनार.”

वाडीत तोंड मिटणं अवघड असतं. तरी बुधवारपर्यंत जमलं. बुधवारी सकाळी आठ वाजता हरिश्चंद्र जेटीवर आले, तर बाया शेडमध्ये बसून वेण्या घालत होत्या आणि खडक पाण्याखाली होते.

“आज गेला नाहीत?” त्यांनी विचारलं.

“जानार ना. साडेदहाला,” सुलू म्हणाली. मग तिला कळलं की आपण काय बोललो, पण उशीर झाला होता.

हरिश्चंद्र खडकांच्या दिशेने बघत उभे राहिले. त्यांचे ओठ हलू लागले. शाळेत पाढे विसरलेला मुलगा उभा असतो, तसे ते उभे होते. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा पडला, आणि या वेळी तो पूर्ण पडला.

दुपारी खांबावर नवा कागद लागला : ‘सभा आठऐवजी दुपारी दोन वाजता.’ संध्याकाळी संचिताने फोन केला.

“नमस्कार चेअरमनसाहेब. तहकूब सभेची वेळ बदलता येत नाही. नियम तुमच्याच सहीच्या नोटिशीत छापलाय. बदललीत तर रजिस्ट्रारकडे तक्रार जाईल. मी टाइप करूनच ठेवलीय.”

कागद उतरला.

रविवारी आठला पाणी जेटीच्या पायऱ्यांना लागलं होतं. बाया नटूनथटून आल्या. हरिश्चंद्रांची माणसंही आली, होडीवाला चंदन आणि त्याचे सोबती. हरिश्चंद्रांनी डोकी मोजली. बाया एकवीस, त्यांची माणसं चौदा. पण ते घाबरले नाहीत, कारण रात्रभर जागून त्यांनी नवा बेत केला होता. दोनला ओहोटी आहे ना? मग मतदान लांबवायचं. पाणी उतरू लागलं की बाया चुळबुळ करतील आणि खडकांवर पळतील.

ते खाडीकडे पाठ करून बसले आणि बोलायला लागले.

आधी शोकप्रस्ताव आले. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या सुलूच्या सासऱ्यांनाही त्यांनी श्रद्धांजली वाहिली.

“त्यांना मागच्या साली पन वाहिली होती,” सुलू म्हणाली. “आता ते वर लाजत असतील.”

मग धर्मा तांडेल यांचं नाव आलं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. पहिल्या रांगेतले, कमी ऐकू येणारे धर्मा तांडेलही मान खाली घालून उभे राहिले. बसताना त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, “कोन गेलं रं?”

“तुमी,” शेजारी म्हणाला.

त्यानंतर अहवाल, मग संस्थेचा इतिहास, मग अहवालाचा इतिहास. साडेनऊ झाले. बाया निवांत होत्या. त्यांनी घावणे आणले होते, ते वाटून खाल्ले. एकीने लोकर काढली. कोणी उठायचं नाव घेईना.

हरिश्चंद्र घाम पुसत म्हणाले, “पाणी उतरतंय बरं का. कोणाला खडकांवर जायचं असेल तर संस्था कोणाच्या पोटावर पाय देणार नाही.”

“जायचं न्हाय,” गोदूबाई म्हणाली. “आज दशमी. भांगाचं पानी. पुरं चढत न्हाय, पुरं उतरत न्हाय. दोनला पन अर्धे खडक बुडलेलेच असतील. एवढ्यासाठी कोन उन्हात जाईल? तुमी बोला. छान चाललंय.”

हरिश्चंद्रांना पाण्याची वेळ आठवली होती. पाणी किती उतरतं हे मात्र ते विसरले होते.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसत नव्हती, कारण ती त्यांच्या पाठीमागे होती. समोरच्या चौदा पुरुषांना मात्र ती स्पष्ट दिसत होती. जेटीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या. खाली होड्यांत बर्फ भरलेला होता, जाळी चढवलेली होती. खाडीचं तोंड गाळाने भरलेलं. भरतीनंतर दोनएक तासांत बाहेर पडलं नाही, तर होडी चिखलात बसते आणि संध्याकाळपर्यंत उठत नाही.

“साहेब,” चंदन हळूच म्हणाला, “मतदान घ्या ना लवकर.”

“घेऊ, घेऊ. आधी पुढच्या पाच वर्षांचा आराखडा.”

चंदनने पायऱ्यांकडे पाहिलं, बर्फाचा विचार केला आणि उठला. “मी आलोच.”

खाली इंजिन धडधडलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक धडधडीबरोबर शेडमधली एक-दोन डोकी कमी होत होती. हरिश्चंद्र आराखड्याच्या तिसऱ्या वर्षात होते तेव्हा त्यांनी मान वर केली. समोर एकवीस बाया, धर्मा तांडेल आणि रिकाम्या खुर्च्या.

“बाकीचे कुठे गेले?”

“मासे मारायला,” गोदूबाई म्हणाली. “मच्छीमार संस्था हाय ना ही?”

संचिता सभासद नव्हती, म्हणून शेडच्या बाहेर उभी होती. तिथूनच तिने आवाज दिला, “मतदान घ्या साहेब. विषय क्रमांक एक.”

हरिश्चंद्रांनी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला. दुसरा संपवला. मग म्हणाले, “शेड भाड्याने देण्याच्या बाजूने कोण?” आणि स्वतःचा हात वर केला. त्यांनी शेजारी बसलेल्या स्वप्नीलकडे पाहिलं. स्वप्नीलने समोर बसलेल्या सुलूकडे पाहिलं. सुलू त्याची आई होती आणि दुपारचं जेवण तिच्याच हातचं होतं. स्वप्नील फार मन लावून लिहू लागला.

“विरोधात?”

एकवीस हात वर गेले. धर्मा तांडेलांनी दोन्ही हात वर केले. मेलेल्या माणसाला तेवढी सवलत द्यायला कोणाची हरकत नव्हती.

तेवढ्यात टेप आणि सुतार घेऊन कॅफेवाला जेटीवर आला. त्याला हरिश्चंद्रांनी आधीच सांगून ठेवलं होतं, दहापर्यंत सगळं आटपेल.

“काम हो गया?” त्याने हसत विचारलं.

“हो गया,” सुलू म्हणाली. “पत्रा गळता है. सुतार लाया ना? वो कोने से शुरू करो.”

कॅफेवाल्याने हरिश्चंद्रांकडे पाहिलं. हरिश्चंद्र बुटांचे बंद बांधत होते आणि त्यांना त्या कामात फार वेळ लागत होता. सुताराने शिडी मागितली. गोदूबाईने ती आणून दिली.