बस, बस

नवलच्या पाठाच्या निरीक्षण तक्त्यात जिनलने 'नकारात्मक शाब्दिक प्रबलन' या घरात तीन रेघा मारल्या होत्या. नवलला ते काही केल्या पटेना.

"जिनलबेन, घर चुकलं तुमचं. मी शाबासकी दिली. तीनदा दिली."

"भाऊ, मी ऐकलं तेच मांडलं."

"मंग कान तपासी ल्या."

जिनल हसली. नंदुरबारच्या दुकानदार घरातली पोर, हिशेबाला पक्की. नवल रनाळ्याचा, अडतिसाव्या वर्षी बी.एड.ला आलेला. बायको, सिंधू, वारल्यावर घरात बसवेना म्हणून आला होता. वर्गात सगळे त्याला भाऊ म्हणत.

सकाळी त्याने सहा मिनिटांचा पाठ घेतला होता. विद्यार्थी म्हणून वर्गातलेच सहा जण, आणि कौशल्य एकच, प्रबलन. म्हणजे मुलाच्या उत्तराला अशी दाद द्यायची की त्याला आणखी बोलावंसं वाटेल. अजित सर म्हणाले होते, "आधी चित्रण बघा. काय केलं आणि काय बदलणार ते लिहा. तीन वाजता दुसऱ्या गटावर पुन्हा पाठ. तो जमला तरच सही." सही नसेल तर सोमवारी सगळे शाळेवर खऱ्या मुलांना शिकवायला जाणार आणि नवल मागे राहणार.

जिनलने मोबाइल बाकावर पुस्तकाला टेकवून उभा केला.

पडद्यावरचा नवल विचारत होता, "उतारावरची झाडं तोडली तर काय होईल?" तोरणमाळचा बाज्या उभा राहिला. "माती वाहून जाते सर, आणि मग..."

"बस, बस!" पडद्यावरचा नवल खुशीत म्हणाला. बाज्या खाली बसला.

"हे पाहा," नवल म्हणाला. "शाबासकीच ना? आमच्याकडे बस म्हणजे बरोबर, अगदी असंच."

"त्याचं 'आणि मग' राहिलं ना, भाऊ."

"त्याला पुढचं येत नव्हतं म्हणून बसला."

"तुम्ही बस म्हणालात म्हणून बसला."

नवलने चित्रण मागे नेलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिलं. बाज्याचं तोंड उघडं होतं, हात पुढे आला होता, काहीतरी दाखवायला असावा. नवलचा तळहात वर झाला आणि बाज्याचा हात खाली गेला. पुढे चेतनाचंही तसंच. मग तिसऱ्या 'बस'ला पुन्हा बाज्या, आणि या वेळी तो उत्तर पूर्ण करायच्या नादातच नव्हता.

नवलच्या डोक्यात गोंधळ झाला. मनात शाबासकी होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंडातून निघालेलं वेगळंच कसं निघालं? सिंधूलाही तो असंच म्हणायचा. चिंचपाड्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती काही सांगायला लागली की तो म्हणायचा, "बस, बस." म्हणजे मला कळलं, तू दमू नको. ती गप्प व्हायची. दमून गप्प होत असेल, असं तो आजवर धरून चालला होता.

त्याने मोबाइल पालथा ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत त्याने बाज्याला नळापाशी गाठलं.

"बाज्या, सकाळी तुझं 'आणि मग' काय होतं रे?"

"कधी, भाऊ?"

"माती वाहून जाते, आणि मग?"

बाज्याने डबा विसळता विसळता विचार केला. "काहीतरी होतं. आता नाही आठवत."

"आठव ना."

"तुम्ही बस म्हणाले, मी बसलो. गेलं ते." त्याला हसू आलं. "एवढं काय त्यात?"

नवलने वाहता नळ बंद केला.

चिंतन नोंदीत त्याने लिहिलं: 'उत्तर अर्धं असताना तीनदा "बस" म्हणालो व हात वर केला. उत्तर फळ्यावर एकदाही लिहिलं नाही.' पुढची पायरी: 'उत्तर संपल्यावर तीन आकडे मनात मोजणे. मुलाचे शब्द फळ्यावर लिहिणे. बस हा शब्द वापरायचा नाही.' खाली सिंधूबद्दल आणखी एक ओळ लिहिली आणि खोडली.

तीन वाजता दुसरा गट बसला. नवलने तोच प्रश्न विचारला. मागच्या बाकावरची अल्पना उभी राहिली.

"माती वाहून जाते सर."

नवलच्या ओठांवर शब्द आला, तो त्याने गिळला. एक, दोन, तीन. अल्पना उभीच.

"आणि नाल्यात गाळ भरतो."

एक, दोन, तीन. नवलने खडू उचलून 'गाळ' लिहिलं. मागे वळून पाहिलं तर ती अजून उभी, तोंड किंचित उघडं. सांगायचं आहे की संपलं आहे? चेहऱ्यावरून त्याला काहीच ओळखू येईना. वर्ग चुळबुळला. अजित सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अल्पना," त्याने शेवटी विचारलं, "संपलं का तुझं सांगून?"

"हो सर. तुम्ही बसायला सांगाल म्हणून उभी आहे."

वर्ग हसला. जिनलने पेन उचललं, पण रेघ कोणत्या घरात मारायची हे तिलाही कळेना.